दोन भिंतींमध्ये अडकलेली सळई

१ मीटर लांब आणि २० मिमी जाडीची पोलादी सळई २० अंश सेल्सिअसला दोन भक्कम भिंतींमध्ये दोन्ही टोकांना घट्ट बसवली आणि ७० अंशांपर्यंत तापवली, तर भिंतींवर किती जोर पडेल?

आधी भिंती नाहीत असं समजू. साधं पोलाद दर अंशाला मीटरमागे ०.०१२ मिमी वाढतं. म्हणजे ५० अंशांत आपली सळई ०.६ मिमी वाढली असती, आणि मोकळी असल्यामुळे तिच्यात कसलंच प्रतिबल, म्हणजे दर चौरस मिमीवरचा आतला जोर, आलं नसतं. नुसत्या उष्णतेने प्रतिबल येत नाही, वाढ अडवली की येतं. भिंती नेमकं हेच करतात : ते ०.६ मिमी परत आत दाबतात.

१००० मिमीत ०.६ मिमी म्हणजे ०.०००६ इतकी विकृती. तिला पोलादाचा ताठपणा सांगणाऱ्या यंग गुणांकाने, म्हणजे दर चौरस मिमीला २,००,००० न्यूटनने गुणलं की प्रतिबल मिळतं १२० न्यूटन प्रति चौरस मिमी. सळईचा काटछेद ३१४ चौरस मिमी आहे. म्हणून प्रत्येक भिंतीवरचा जोर सुमारे ३७,७०० न्यूटन, जवळजवळ ३.८ टन वजनाइतका. अर्ध्या मिलिमीटरच्या भांडणासाठी हे फारच झालं!

गंमत म्हणजे लांबीचा इथे संबंधच उरत नाही. २ मीटरची सळई दुप्पट वाढू पाहते, पण ती दाबायला लांबीही दुप्पट मिळते. उत्तर तेच : १२० न्यूटन प्रति चौरस मिमी. परीक्षेत इथे गणित संपतं.

प्रत्यक्षात मात्र २ मीटरची सळई ३.८ टनांपर्यंत पोचतच नाही. सडपातळ सळई दाबली की ठरावीक जोरानंतर बाजूला वाकते. ऑयलरच्या सूत्राने, दोन्ही टोकं पक्की धरलेल्या या सळईसाठी ती मर्यादा सुमारे १५,५०० न्यूटन येते, आणि ती २१ अंशांच्या वाढीतच गाठली जाते. पुढे तापवलं तर भिंतीवरचा जोर फारसा वाढत नाही, सळईच मधोमध फुगत जाते. ५० अंशांच्या वाढीला न मावलेली लांबी पाऊण मिमीपेक्षाही कमी असते, पण तिच्यासाठी सळई मध्यावर सुमारे अडीच सेंटीमीटर बाजूला सरकते. त्यामुळे सळई वाकली आहे हे नुसत्या डोळ्यांनीही कळतं. १ मीटरच्या सळईची हीच मर्यादा चौपट, ६२,००० न्यूटन, म्हणून ती सरळ राहते आणि पूर्ण जोर भिंतींवर टाकते.

अर्थात अजिबात न हलणारी भिंत कागदावरच सापडते. दोन्ही भिंती प्रत्येकी ०.१ मिमी मागे सरल्या, तर १ मीटरच्या सळईत दाबायला ०.४ मिमीच उरतात. प्रतिबल ८० न्यूटन प्रति चौरस मिमीवर येतं आणि जोर सुमारे २५,००० न्यूटनवर. म्हणजे तिसरा हिस्सा गेला, तोही कागदाच्या जाडीएवढ्या हालचालीने.