बंद नॅस हाक ऐकतो कसा?

घरातल्या नॅसचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "तो सर्व्हर आहे, त्याला बंद करायचं नसतं." कंपनीच्या सर्व्हररूमसाठी हे ठीक आहे. पण घरचा नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा. त्यात फोटो, सिनेमे आणि लॅपटॉपचे बॅकअप असतात, आणि घरातले लोक संध्याकाळी तीन-चार तास सोडले तर त्याच्याकडे फिरकतही नाहीत. उरलेले वीस तास तो कुणाची वाट बघत वीज खातो?

किती खातो ते मोजू. जुन्या डेस्कटॉपपासून घरीच केलेला नॅस काहीही काम नसताना ४० वॅट घेतो असं धरा. दिवसाला ०.९६ युनिट, वर्षाला ३५० युनिट. तोच रोज चार तास चालला आणि उरलेला वेळ बंद अवस्थेत दीड वॅट घेत राहिला, तर दिवसाला ०.१९ युनिट, म्हणजे वर्षाला ७० च्या आत. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला सुमारे २,८०० रुपये वाचतात. दोन डिस्कचा विकतचा डबा साधारण १५ ते २० वॅटवर भागवतो, त्यामुळे तिथे बचत निम्म्याहून कमी. महाराष्ट्रात घरगुती बिल १००, ३००, ५०० युनिटच्या टप्प्यांनी महागत जातं. त्यामुळे वाचलेली युनिटं तुमच्या सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातली असतात. (सॉकेटमध्ये खोचून 'बिल निम्मं' करणाऱ्या डब्या ऑनलाइन मिळतात, त्यांचा इथे काही संबंध नाही. त्यांत बहुधा एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो, आणि घरचा मीटर युनिटं मोजतो, पॉवर फॅक्टर नाही. वीज वाचवायची तर वापर कमी करावा लागतो.)

वर 'बंद अवस्थेत दीड वॅट' म्हटलं, ते का, याचं उत्तर या सगळ्या प्रकाराच्या मुळाशी आहे. आजचा कॉम्प्युटर शटडाऊन केल्यावर पूर्ण मरत नाही. पॉवर सप्लायमधली ५ व्होल्टची एक वेगळी वाट, जिला स्टँडबाय म्हणतात, प्लग लावलेला असेपर्यंत चालूच राहते. समोरचं बटण दाबल्यावर मशीन उठतं ते तिच्याच जोरावर, कारण ते बटण काही थेट वीज जोडत नाही. ते मदरबोर्डला फक्त एक इशारा देतं, मग मदरबोर्ड पॉवर सप्लायची PS_ON ही तार खाली ओढतो आणि मुख्य पुरवठा सुरू होतो. म्हणजे बटण हा इशारा देण्याचा एक मार्ग झाला. तोच इशारा दुसऱ्या कुणी दिला तरी मशीन उठेल.

तो दुसरा कुणी म्हणजे नेटवर्क कार्ड. स्टँडबायच्या विजेवर त्याचा एक छोटासा भाग जागा असतो. सगळं मशीन झोपलंय, प्रोसेसर नाही, मेमरी नाही, ऑपरेटिंग सिस्टिम नाही. अशा वेळी केबलवरून आलेला निरोप समजून घेणार कोण? १९९५ मध्ये एएमडीने ह्युलेट-पॅकार्डबरोबर यावर जे उत्तर काढलं ते मला फार आवडतं, कारण त्यात 'समजून घेणं' हा भागच काढून टाकला आहे. निरोप असा बेतला आहे की तो ओळखायला अक्कल लागत नाही, फक्त मोजता यायला हवं.

प्रत्येक नेटवर्क कार्डाला सहा बाइटचा एक मॅक पत्ता असतो. मॅजिक पॅकेट नावाच्या या निरोपात आधी FF हा बाइट सहा वेळा येतो, म्हणजे सलग ४८ एक. त्यानंतर त्या कार्डाचा मॅक पत्ता सोळा वेळा, मध्ये काहीही न घालता. सहा अधिक शहाण्णव, एकूण १०२ बाइट. बस्स.

कार्डातलं सर्किट येणारे बाइट एकामागून एक बघतं. FF आला की मोजणी सुरू. सहा सलग आले की पुढचा बाइट आपल्या पत्त्याच्या पहिल्या बाइटशी ताडून बघायचा, मग दुसऱ्याशी, तिसऱ्याशी. पत्ता पूर्ण जुळला की एक फेरी झाली. सोळा फेऱ्या पुऱ्या झाल्या की उठवण्याचा इशारा द्यायचा. मध्ये एक जरी बाइट चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून. पॅकेट कुठल्या पोर्टवर आलं, त्यावर आयपी पत्ता कोणता होता, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बाइट केबलवरून ज्या चौकटीत, म्हणजे फ्रेममध्ये, बसून येतात तिच्या पोटात कुठेही ही रांग सापडली की झालं. सवयीने लोक हे यूडीपीच्या ९ नंबरच्या पोर्टवर पाठवतात, पण झोपलेलं कार्ड पोर्ट वाचतच नाही.

मग सोळा वेळा कशाला, एकदा पुरला नसता का? पत्ता एकदा तर नेहमीच्या वाहतुकीतही येतो. कार्डासाठी आलेल्या प्रत्येक चौकटीच्या सुरुवातीला तो असतोच. पण FF ची रांग आणि मागोमाग सोळा प्रती हा योगायोग एखाद्या सिनेमाच्या फाइलमधून घडणं व्यवहारात अशक्य आहे. बंद नॅस कधी मध्यरात्री आपोआप उठला तर त्यात गूढ काही शोधू नका. बहुधा कार्डाला मॅजिक पॅकेटखेरीज इतर वाहतुकीवरही उठायला सांगून ठेवलेलं असतं. लिनक्सवर हे असं दिसतं आणि असं बदलतं :

```
ethtool eth0 | grep '^[[:space:]]*Wake-on'
ethtool -s eth0 wol g
```

g म्हणजे फक्त मॅजिक पॅकेटवर ऊठ, d म्हणजे कशावरच उठू नको. याच जागी u किंवा b दिसलं तर मध्यरात्रीचं कोडं सुटलं. काही मशीनवर ही नोंद रीबूटनंतर टिकत नाही, म्हणून ती सुरुवातीलाच चालणाऱ्या सेटिंगमध्ये घालावी लागते. बायोसमध्ये ErP किंवा Deep Sleep चालू असेल तर मात्र स्टँडबायची वाटच तुटते आणि मग कार्ड ऐकणार कशाने? हे ओळखायला सोपं आहे : शटडाऊननंतर केबलच्या पोर्टवरचा दिवा विझला असेल, तर कार्ड मेलं आहे.

आता सर्वांना छळणारा दोष. नॅस बंद केला, लगेच पॅकेट पाठवलं, उठला. सगळं जमलं म्हणून झोपलात. सकाळी तेच पॅकेट पाठवलं, तर नॅस ढिम्म! लोक कार्डाला, केबलला, नशिबाला दोष देतात. खरं कारण असं : पॅकेट तुम्ही १९२.१६८.१.५० अशा आयपी पत्त्यावर पाठवत होता. केबलवर मात्र चौकट जाते मॅक पत्त्यावर, म्हणून पाठवणारं मशीन आधी विचारतं, "हा आयपी कुणाचा?" याला एआरपी म्हणतात. त्याचं उत्तर द्यायला नॅसची ऑपरेटिंग सिस्टिम जागी लागते. बंद केल्यावर पहिली काही मिनिटं जुनं उत्तर लक्षात असतं, म्हणून पॅकेट पोचतं. पुढे ते पुसलं जातं, प्रश्नाला कुणी ओ देत नाही, आणि पॅकेट पाठवणाऱ्या मशीनमधून निघतच नाही.

उपाय म्हणजे कुणा एकाचं दार न ठोठावता चाळीच्या अंगणात उभं राहून नावाने हाक मारायची. पॅकेट ब्रॉडकास्ट पत्त्यावर पाठवा, ते प्रत्येक कार्डापर्यंत जातं आणि ज्याचं नाव सोळा वेळा आहे तोच उठतो :

```
wakeonlan -i 192.168.1.255 02:11:22:33:44:55
```

हाक अंगणापुरतीच असते, हेही लक्षात ठेवा. ऑफिसमधून इंटरनेटवरून ब्रॉडकास्ट पाठवून चालत नाही. बाहेरून आलेली अशी हाक राउटरांनी आत सोडू नये, असा दंडक १९९९ पासून आहे, कारण तिचा वापर करून लोक दुसऱ्यांची नेटवर्कं बुडवत असत. बाहेरून उठवायचं तर व्हीपीएनने राउटरपर्यंत यायचं आणि राउटरलाच हाक मारायला सांगायचं. ओपनडब्ल्यूआरटीसारख्या प्रणालीवर त्यासाठी etherwake मिळतं. केवळ हाक मारण्यासाठी ३ वॅटचा आणखी एक छोटा कॉम्प्युटर चोवीस तास ठेवलात, तर वर्षाला २६ युनिटं तोच खाईल. राउटर तर चालू असतोच.

आपल्याकडचा खास प्रश्न वीज जाण्याचा. 'मॅजिक पॅकेटवर ऊठ' ही सूचना शटडाऊनच्या वेळी कार्डात भरली जाते. लाइट गेली की स्टँडबाय गेलं आणि त्याबरोबर सूचनाही. लाइट आल्यावर काही मदरबोर्ड ती पुन्हा भरतात, काही भरत नाहीत. तुमचा कोणत्या जातीचा आहे ते असं तपासा : नॅस व्यवस्थित बंद करा, प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा लावा आणि पॅकेट पाठवा. उठला नाही तर बायोसमध्ये Restore on AC Power Loss ला Power On करा. मग लाइट आली की नॅस पूर्ण उठेल आणि तशी सोय करून ठेवली असेल तर कुणी वापरत नाही असं बघून पुन्हा नीट बंद होईल. दिवसातून चारदा लाइट जाणाऱ्या भागात मात्र हे यूपीएसशिवाय करू नका.

ठरल्या वेळी उठवायला हाकेचीही गरज नाही. मदरबोर्डवर नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारं घड्याळ असतं आणि त्याला गजर लावता येतो. बायोसमध्ये संध्याकाळी ७ चा गजर लावला आणि नॅस मध्यरात्रीनंतर साडेबाराला उठला, असं झालं तर दचकू नका. लिनक्स हे घड्याळ बहुधा जागतिक वेळेवर ठेवतं आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. बायोसमध्ये १३:३० लिहा, किंवा हिशेब लिनक्सवर सोडा :

```
rtcwake -m off -t "$(date -d 'tomorrow 19:00' +%s)"
```

ही आज्ञा गजर लावून मशीन बंद करते. घड्याळात एकच गजर मावतो, म्हणून प्रत्येक वेळी बंद होताना पुढचा लावायला हवा. ही ओळ रात्री ११ च्या वेळापत्रकात घाला, फक्त क्रॉनटॅबमध्ये घालताना % ऐवजी \% लिहा. विकतच्या नॅसमध्ये हेच काम सेटिंगमधल्या पॉवर शेड्यूलने होतं.

भिंतीवरचा चक्रीचा टायमर तेवढा जपून वापरा. तो नॅसला बंद करत नाही, त्याची वीज कापतो. लिहिणं चालू असताना कापली तर फाइल सिस्टिमचं काय होईल ते सांगायला नको. वापरायचाच असेल तर नॅस स्वतः ११ ला बंद होऊ दे आणि टायमर १२ ला कापू दे, पण मग दिवसा हाक मारून उठवण्याची सोय गेली. वाचतात ते बंद अवस्थेतले एक-दीड वॅट, म्हणजे वर्षाला दहाएक युनिटं.

रोज चालू-बंद केल्याने डिस्क लवकर मरते, ही भीती अनेकांना असते. ३.५ इंची डिस्कच्या माहितीपत्रकांत ५०,००० वेळा चालू-बंद हा आकडा बरेचदा दिसतो. दिवसातून दोनदा म्हणजे वर्षाला ७३०, तेव्हा ती चिंता सोडा. दर दहा मिनिटांनी डिस्क थांबवणारी सेटिंग मात्र महिन्याभरात हजारोंचा आकडा गाठू शकते.

वेळापत्रकाचा खरा तोटा वेगळाच आहे. डेबियनवरची रेड तपासणी, म्हणजे डिस्कांवरचा सगळा डेटा एकमेकांशी ताडून बघण्याचं काम, महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर सुरू होतं. रात्री ११ ला बंद होणारा नॅस तेव्हा झोपलेला असतो, आणि तपासणी महिनोन् महिने होत नाही. शनिवारी रात्रीचं बंद करणं महिन्यातून एकदा टाळा, आणि `cat /proc/mdstat` मध्ये check दिसत असेपर्यंत त्याला जागं ठेवा. मोठ्या डिस्कना यात दिवसभरही लागतो.