एकास चार भाव आणि आपला अंदाज

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर बुकीच्या फळ्यावर एखाद्या घोड्यासमोर एकास चार असा भाव लिहिलेला असला, तर शंभर रुपये लावणाऱ्याला घोडा जिंकल्यास चारशे रुपये नफा होतो आणि हरल्यास शंभर रुपये जातात. घोडा जिंकण्याची शक्यता 25 टक्के आहे असे तुमचे मत असेल, तर 400 चे 25 टक्के म्हणजे 100 आणि 100 चे 75 टक्के म्हणजे 75. पहिल्यातून दुसरे वजा केल्यावर उरणारे 25 रुपये हे या पैजेचे अपेक्षित मूल्य होय. हा आकडा त्या एका शर्यतीत कधीच हाती येत नाही, कारण तिथे एक तर चारशे मिळतात किंवा शंभर जातात. अशा पुष्कळ पैजा लावल्या तर दर पैजेमागे पडणारी ती सरासरी आहे.

शक्यता बरोबर 20 टक्के असेल, तर हेच मूल्य शून्यावर येते. अंदाज 25 चा असला आणि खरी शक्यता 18 असली, तर 72 वजा 82, म्हणजे दर पैजेला दहा रुपयांचा तोटा होतो. सात टक्क्यांची चूक नफ्याचा तोटा करते, आणि एवढी चूक अनुभवी माणसाकडूनही सहज होते.

म्हणून फळ्यावरचे सगळे भाव एकत्र वाचावेत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. समजा, चारच घोडे धावत आहेत आणि त्यांच्या भावांतून निघणाऱ्या, म्हणजे पैजेचे मूल्य शून्यावर आणणाऱ्या, शक्यता 40, 33.3, 20 आणि 20 टक्के आहेत; शेवटचा 20 वाला आपला घोडा. त्यांची बेरीज 113.3 होते, शंभराच्या वरचा भाग बुकीने स्वतःसाठी राखलेला असतो. तो सर्व घोड्यांवर सारख्या प्रमाणात वाटला, तर आपल्या घोड्याची फळ्याला वाटणारी शक्यता 17.6 टक्केच उरते. तुमचे 25 आणि फळ्याचे 17.6 यांच्या मधला, 21.3 चा आकडा धरला, तर पंचवीस रुपयांचे अपेक्षित मूल्य साडेसहावर उतरते. असे मधले माप घेण्यास कारण आहे: आपला अंदाज भावापेक्षा वरचढ असतो तेव्हाच आपण पैसे लावतो, त्यामुळे ज्या घोड्यांबद्दल आपण जास्त आशा धरली तेच नेमके आपल्या निवडीत गोळा होतात.

अंदाज कितपत खरा, हे वहीतून कळते. शर्यतीआधी टक्केवारी लिहावी आणि ‘25’ लिहिलेले किती घोडे जिंकले ते मोजावे. शंभर नोंदींत 25 ऐवजी 18 जिंकले, तरी ते निव्वळ योगायोगाने होऊ शकते; पण चारशे नोंदींत 100 ऐवजी 72 च जिंकले, तर दोष अंदाजाचाच समजावा.