मुलाला मासे भेट द्यायचे असतील, तर आधी फक्त टाकी न्या

आमच्या दुकानात एक प्रश्न जवळजवळ रोज येतो. "उद्या मुलाचा वाढदिवस आहे. एक छोटी टाकी आणि चार-पाच रंगीत मासे द्याल का?" टाकी आम्ही लगेच देतो, मासे मात्र त्या दिवशी देत नाही. यावर काहीजण नाराज होऊन जातात. ते का, हे काउंटरवर दोन मिनिटांत नीट सांगता येत नाही, म्हणून इथे लिहीत आहोत.

नव्या टाकीतले पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते, पण माशांसाठी ते अजून तयार झालेले नसते. मासा कल्ल्यांवाटे आणि विष्ठेवाटे सतत अमोनिया सोडतो. उरलेले खाद्य कुजले की त्यातूनही अमोनियाच तयार होतो, आणि तो माशाला विषारी असतो. जुन्या, चालू टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर जीवाणूंचा थर बसलेला असतो. त्यातले काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक असते. नायट्रेट बरेच सौम्य असते आणि आठवड्याला थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते. हा थर बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. कोऱ्या टाकीत तो नसतोच, म्हणून पहिल्याच दिवशी सोडलेले मासे स्वतःच्याच घाणीत गुदमरतात.

मागे एक वडील सात वर्षांच्या मुलीसाठी दुसरीकडून वीस लिटरची टाकी आणि सहा गोल्डफिश घेऊन गेले होते. पाचव्या दिवशी ते बाटलीत पाणी भरून आमच्याकडे आले. दोन मासे मेले होते आणि उरलेले चार पाण्याच्या वर येऊन तोंड उघडझाप करत होते. पाणी पांढुरके झाल्यामुळे घाण साठली असे वाटून त्यांनी आदल्या रात्री सगळे पाणी ओतून टाकले होते, खडे घासले होते आणि स्पंज नळाखाली पिळून धुतला होता. जे काही थोडे जीवाणू जमू लागले होते, तेही त्यात गेले, शिवाय नळाच्या पाण्यातले क्लोरीन थेट माशांपर्यंत पोचले. आम्ही ते पाणी टेस्ट किटने तपासले. अमोनियाची नळी पिवळी राहायला हवी, ती काही मिनिटांत गर्द हिरवी झाली. मुलगी शेजारी उभी राहून विचारत होती, "मी खायला जास्त घातलं का?" खाद्य थोडे जास्त पडलेही असेल, पण चूक तिची नव्हती.

म्हणून आम्ही भेटीचे दोन भाग करायला सांगतो. वाढदिवसाला मुलाच्या हातात टाकी, फिल्टर, खडे आणि पाण्यातली रोपे द्या. मासे महिनाभराने आणा. किंवा महिनाभर आधीच टाकी घेऊन ती गुपचूप चालू करून ठेवा.

त्याच मुलीसाठी नंतर साठ बाय तीस बाय तीस सेंटिमीटरची टाकी लावली. काठोकाठ भरली तर तिच्यात चोपन्न लिटर पाणी मावते, पण खडे घालून आणि वर थोडी जागा सोडून चाळीस-पंचेचाळीस लिटर धरावे. पाण्यात क्लोरीन घालवणारे औषध टाकले, जावा फर्न हे पाण्यातले रोप लाकडाला बांधले आणि फिल्टरमध्ये आमच्या जुन्या टाकीतल्या स्पंजचा तुकडा ठेवला. मासा नसतानाही रोज चिमूटभर खाद्य टाकायचे होते, म्हणजे ते कुजून जीवाणूंना अमोनिया मिळतो. दर तीन दिवसांनी मुलगी नळीतला रंग पाहून वहीत तोच रंग भरायची. आधी हिरवा चढला. मग तो उतरू लागला आणि नायट्राइटची नळी निळ्याची जांभळी झाली. स्पंजमुळे काम लवकर झाले आणि चोविसाव्या दिवशी दोन्ही नळ्या शून्यावर आल्या. त्यानंतर पाच नर गप्पी सोडले. नरच का, तर एकदा नराबरोबर राहिलेली मादी पुढे कित्येक महिने नर नसतानाही पिल्ले देत राहते आणि टाकी बघता बघता भरून जाते.

हा जुन्या स्पंजचा तुकडा आमच्याकडून टाकी घेणाऱ्यांना आम्ही विनामूल्य देतो. तो टाकीच्या पाण्यातच भिजवून न्यावा लागतो, वाळला की निरुपयोगी होतो. पाण्याची बाटली आणलीत तर तपासणीही करून देतो, मग टाकी कुठूनही घेतलेली असो. पुढेही स्पंज धुताना तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा आणि पाणी आठवड्याला फक्त चौथा हिस्सा बदला.

गोल काचेचे भांडे आम्ही ठेवत नाही, कारण त्यात फिल्टर नीट बसत नाही. आणि गोल्डफिश लहान टाकीत देत नाही. तो अंगठ्याएवढा दिसतो, पण साधा गोल्डफिश वाढून वीस सेंटिमीटरच्या पुढे जाऊ शकतो आणि दहा वर्षांहून अधिक जगतो.

टाकी घेण्याआधी एक गोष्ट आम्ही सगळ्यांना विचारतो. मुलाचा उत्साह ओसरला तर दर आठवड्याला बादली कोण उचलणार? आठ-नऊ वर्षांपर्यंतचे मूल खाद्य घालू शकते, रंग तपासू शकते, पण दहा लिटर पाणी काढून भरणे मोठ्या माणसाचेच काम आहे. घरात तसे कोणी नसेल तर आम्ही मासे घेऊ नका असेच सांगतो.

तेव्हा रोप चांगले. रोप दोन आठवड्यांचे दुर्लक्षही सोसते, मासा सोसत नाही. लहान मुलासाठी आम्ही स्पायडर प्लांट सुचवतो. ते विषारी नाही आणि त्याला दांड्यांवर छोटी पिल्ले लोंबू लागतात. पिल्लू पाण्याच्या ग्लासात ठेवले की आठवडाभरात पांढरी मुळे फुटताना दिसतात. मनी प्लांट आणि डिफेनबॅकिया पानं तोंडात घालणाऱ्या बाळाच्या हाती लागू देऊ नका, त्यांच्या रसाने तोंडाची आग होते. रोप बहुतेक वेळा जास्त पाण्यानेच मरते. बोट दोन पेरे मातीत घालून बघा, कोरडे लागले तरच पाणी घाला.

कुत्र्याचे किंवा मांजराचे पिल्लू मुलाला अचानक भेट म्हणून देऊ नये, असे आमचे ठाम मत आहे. ते दहा-पंधरा वर्षे घरात राहणार असते, तेव्हा मूल शिकायला बाहेर गेल्यावरही त्याला फिरवणारे आणि दवाखान्यात नेणारे लोक आधी ठरलेले हवेत. पाच वर्षांखालचे मूल असलेल्या घरी कासव नको, कारण त्याच्या अंगावर साल्मोनेला हा आजार पसरवणारा जीवाणू असू शकतो आणि लहान मुले हात तोंडात घालतात.

वाढदिवस अगदी उद्यावर आला असेल तरी या. टाकी आम्ही त्याच दिवशी लावून देऊ, त्यात रोपे असतील, दिवा असेल, फिल्टरचे बुडबुडे असतील. सोबत वहीत चिकटवायला रंगांचा तक्ता देतो. नळ्या शून्यावर आल्या की मुलालाच सोबत आणा आणि मासे त्यालाच निवडू द्या.