धूम्रपान सोडल्यानंतरची नाडी व तिची लय

धूम्रपान सोडल्यावर विश्रांतीच्या वेळची नाडी मंदावते आणि दोन ठोक्यांमधले अंतर क्षणोक्षणी अधिक बदलू लागते. या दुसऱ्या गुणाला हृदयगतीची परिवर्तनशीलता म्हणतात. निरोगी हृदय घड्याळासारखे एकसारखे चालत नाही. श्वास घेताना ते किंचित वेगाने आणि सोडताना सावकाश धडधडते. हे मंदावणे व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे घडते. बिडीतले निकोटीन ॲड्रेनॅलिनचा स्राव वाढवून हृदयाला पळवत ठेवते आणि व्हेगसचा प्रभाव दबतो. निकोटीनची रक्तातील पातळी साधारण दोन तासांत निम्मी होत असली, तरी दिवसभर बिडी ओढणाऱ्याच्या शरीरातून ते रात्रीही पुरते जात नाही.

बिडी थांबली की मात्र ते लवकरच निघून जाते. म्हणूनच नाडीतील मोठी घट महिन्यांनी नव्हे, तर पहिल्या एक-दोन दिवसांतच दिसते. रोज ओढणाऱ्यांत ती बहुधा मिनिटाला पाच ते दहा ठोक्यांची असते. परिवर्तनशीलताही याच दिवसांत वाढू लागते. पुढच्या आठवड्यांत तिची वाढ सावकाश आणि चढउतारांची असते.

उदाहरणादाखल परभणी जिल्ह्यातला पन्नाशीचा शेतकरी घेऊ. कार्तिकी एकादशीला माळ घातली आणि बिडी सुटली. तोपर्यंत सकाळची नाडी ८४ होती; लागोपाठच्या ठोक्यांमधली अंतरे ७१०, ७१८, ७०८ आणि ७२० मिलिसेकंद. शेजारच्या अंतरांतले फरक ८, १० आणि १२. या फरकांच्या वर्गांची सरासरी काढून तिचे वर्गमूळ घेतले की सुमारे १० येते. घड्याळे व छातीचे पट्टे आरएमएसएसडी म्हणून दाखवतात ती हीच संख्या. जानेवारीत नाडी ७४ आणि अंतरे ८००, ८२०, ७९०, ८३०. आता फरक २०, ३० आणि ४०, म्हणून उत्तर ३१. प्रत्यक्षात चार ठोके पुरत नाहीत, पाच मिनिटांची शांत नोंद लागते. आकड्याची तुलनाही स्वतःच्याच जुन्या आकड्याशी करावी, कारण वयानुसार आणि माणसागणिक तो फार वेगळा असतो.

मे महिन्यात याच माणसाची नाडी ८० भरली, तर बिडी सोडल्याचा फायदा संपला असे समजणे चुकीचे ठरेल. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि रात्रीही घरे तापलेली राहतात. त्वचेकडे जास्त रक्त पाठवावे लागते, घामाने शरीरातले पाणी घटते. दोन्हींमुळे ठोके वाढतात. पाऊस पडून हवा गार झाल्यावर ते उतरले, तर कारण उन्हाळाच होता. सोडल्यानंतरच्या वर्षात चार-पाच किलो वजन वाढणेही सर्रास आढळते. त्याचाही थोडा भार नाडीवर येतो.

चहाकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. धुरातल्या काही रसायनांमुळे यकृत कॅफिनचा निचरा झपाट्याने करते. धूर थांबला की काही दिवसांत हा वेग ओसरतो आणि पूर्वीइतक्याच चहातून रक्तात जवळपास दुप्पट कॅफिन साठते. छातीत धडधड, हात थरथरणे, झोप न लागणे हा सगळा तलफेचाच त्रास समजला जातो. कप निम्मे करून आठवडाभर पाहिले, तर कारण चहात होते की नाही ते कळते.

बिडीऐवजी मावा किंवा तंबाखू-चुना सुरू झाला असेल, तर निकोटीन तेच राहते. बार भरण्याआधी आणि नंतर वीस-तीस मिनिटांनी नाडी मोजली, की वाढलेले ठोके बोटालाच लागतात. अशा माणसाने धूर सोडलेला असतो, निकोटीन नाही. त्याची नाडी उतरली नाही, तर त्यात नवल नाही.

मोजणी उठल्याबरोबर, चहापूर्वी, पडल्या पडल्या करावी. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण मिनिट मोजावे. पंधरा सेकंदांच्या चौपटीत एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते. एका दिवसाचा आकडा न पाहता आठवड्याची सरासरी धरावी. ताप, जागरण आणि आदल्या दिवशीची अंगमेहनत तिला हलवतात. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी औषधानेच मंद असते, त्यामुळे घट कमी दिसते. जुन्या मधुमेहात हृदयाच्या मज्जातंतूंना इजा झाली असेल, तर परिवर्तनशीलता फारशी सुधारत नाही.

परिवर्तनशीलतेचा आकडा एकाएकी खूप वाढणे ही चांगली खूण असेलच असे नाही. मध्येच ठोका चुकत असेल किंवा नाडी सतत वेडीवाकडी पडत असेल, तर त्या अनियमिततेनेही आरएमएसएसडी फुगतो. अशा वेळी घड्याळावर विसंबू नये, ईसीजी काढून घ्यावा; सोबत चक्कर, धाप किंवा छातीत दुखणे असेल तर त्याच दिवशी.