फोडणीचा ठसका आणि फुप्फुसं

«आमच्याकडे गॅस आहे, चुलीचा धूर नाही. फोडणीचा ठसका मिरचीचा असतो, दोन मिनिटांत जातो. त्यानं फुप्फुसाला काय होणार?»

ठसका मिरचीतल्या कॅप्सेसिनचा असतो, हे खरं. पण त्याच वाफेत तेलाचे अतिसूक्ष्म थेंब असतात आणि ते श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जातात. तेल धुरकटलं की त्यातलं ग्लिसरॉल फुटून अ‍ॅक्रोलिन बनतं. डोळे चुरचुरतात ते बऱ्याचदा यानंच. शिवाय अ‍ॅक्रोलिनच्याच गटातली, म्हणजे अल्डिहाइड गटातली, इतर रसायनं आणि जळक्या तेलातली कर्करोगकारक संयुगंही असतात.

एका फोडणीनं काही होत नाही. पण बंद स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं हे रोज छातीत गेलं, तर श्वासनलिकांना सूज राहते, खोकला रेंगाळतो आणि दमा असेल तर बळावतो. चीन आणि तैवानमध्ये कधीही धूम्रपान न केलेल्या बायकांच्या फुप्फुसाच्या कर्करोगाशीही तळणाच्या धुराचा संबंध आढळला. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं उच्च तापमानाला तळताना निघणारा धूर ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकला. तिथलं तळण कढईतलं, फार कडक आचेवरचं असतं, त्यामुळे तो धोका आपल्या वरणाच्या फोडणीला जसाच्या तसा लावता येत नाही.

मोहरी तडतडायला तेलातून धूर निघावा लागत नाही. एक दाणा टाकून बघा, तडतडला की आच कमी करून मिरची घाला. पुऱ्यांच्या घाण्यात तेल निळसर धुरकटलं, तर गॅस बंद करा. तेच तेल पुन्हा वापरलं की आणखी लवकर धुरकटतं. एक्झॉस्ट फॅन तेल तापवण्याआधी लावा, तळण संपल्यावरही थोडा वेळ चालू ठेवा. बाहेर पाइप नसलेली चिमणी हवा गाळून परत घरातच सोडते, तेव्हा खिडकी उघडी हवीच.