स्टेटस रिपोर्ट म्हणजे हँडओव्हर नव्हे

दर शुक्रवारी साहेबांना जातो तो स्टेटस रिपोर्ट सगळ्यांना लिहिता येतो: काम, टक्के, प्रलंबित की पूर्ण. नोकरी सोडताना तोच तक्ता नव्या माणसाला पाठवून वर "हँडओव्हर" असा विषय टाकतात. हे थांबायला हवं. ईमेलची लांबी, मथळे, सीसीत कोण, हे फरक किरकोळ आहेत.

खरा फरक एकच. स्टेटस वाचणाऱ्याला मागचं माहीत असतं, म्हणून काम कुठे आहे एवढं सांगून भागतं. हँडओव्हर वाचणाऱ्याला पुढचं पाऊल कोणाचं, कोणत्या तारखेला आणि ते चुकलं तर काय होईल, हे सांगावं लागतं.

चाकणच्या एखाद्या कंपनीतला अकाउंट्सचा माणूस 25 जुलैला सोडून चाललाय असं धरा. भोसरीच्या प्लेटिंगवाल्याचं, म्हणजे लघुउद्योगाचं, एक बिल अडकलंय. स्टेटसमध्ये ओळ असते: "बिल प्रलंबित, GSTR-2B मध्ये दिसत नाही." पुरवठादार GSTR-1 या विक्रीच्या रिटर्नमध्ये जी बिलं दाखवतो, त्यांची पोर्टलवरची यादी म्हणजे आपली GSTR-2B; बिल तिथे आलं तरच त्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं. ओळ खरी आहे, पण तिच्या भरवशावर नवा माणूस वाट बघत बसेल आणि फसेल. हँडओव्हरमध्ये तीच गोष्ट अशी हवी:

"माल 20 जूनला स्वीकारला. त्यांच्याकडून जूनच्या GSTR-1 मध्ये हे बिल दाखवायचं राहून गेलं. आता जुलैच्या रिटर्नमध्ये, 11 ऑगस्टपर्यंत दाखवतील. म्हणजे आपल्या GSTR-2B मध्ये ते 14 ऑगस्टला येईल. पण करार 45 दिवसांचा आहे आणि ती मुदत 4 ऑगस्टला संपते. त्यामुळे 14 तारखेची वाट पाहू नका. मूळ रक्कम 4 ऑगस्टच्या आत सोडा, फक्त जीएसटीची रक्कम रोखायची. हे दोन्हीकडून मेलवर ठरलंय, मेल सोबत जोडलाय."

मुदत चुकली तर एमएसएमई कायद्याप्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं. हे "प्रलंबित" या शब्दातून कोणाला कळणार?

संपर्कांचंही तेच. नाव आणि नंबर फोनच्या यादीतही असतात. बिलाचं मालकांशी बोलायचं की त्यांच्या अकाउंटंटशी, ते लिहा. भोसरीत बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, तेव्हा बुधवारी दुपारनंतर पाठवलेल्या प्रश्नाला उत्तर शुक्रवारी येईल, हेही लिहा.

"सगळं ड्राइव्हवर आहे, काही लागलं तर फोन करा" हे वाक्य मला अजिबात चालत नाही. फोल्डरचा पूर्ण पत्ता द्या, नाहीतर ड्राइव्हचा उल्लेखच नको.

धोक्याच्या जागांमध्ये एक हमखास राहते: जीएसटी पोर्टलचा ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवर आणि ईमेलवर जातो. तिथे नोकरी सोडणाऱ्या माणसाचा नंबर असेल आणि रिटर्न ओटीपीने भरत असाल, तर 20 तारखेला GSTR-3B हे महिन्याचं रिटर्न भरताना नवा माणूस ओटीपीसाठी अडकून बसतो. तो नंबर शेवटच्या दिवसाआधी बदलून घ्या, आणि नवा नंबर कोणाच्या हातात आहे तेही मेलमध्ये लिहा.