सोडियम आत, पोटॅशियम बाहेर, मग कॅल्शियम

पायाचा अंगठा हलवायचा ठरवला की मज्जारज्जूतल्या चेतापेशीकडून स्नायूकडे एक विद्युत संदेश निघतो. तारेतून वीज वाहते तसा हा संदेश तंतूच्या लांबीने वाहत नाही. पेशीपटलाच्या आरपार, आतून बाहेर आणि बाहेरून आत, आयनांची ये-जा होते आणि हीच ये-जा तंतूवर पुढे पुढे सरकते. म्हणून प्रत्येक टप्प्याला एकच प्रश्न विचारायचा: या क्षणी कोणत्या आयनाचे दार उघडे आहे?

पेशी शांत असताना पोटॅशियमची थोडी दारे उघडी असतात. आत पोटॅशियम भरपूर आणि बाहेर सोडियम भरपूर, ही विषमता सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणाऱ्या पटलातल्या पंपाने आधीच तयार करून ठेवलेली असते. थोडे पोटॅशियम बाहेर झिरपते आणि आतली बाजू साधारण उणे ७० मिलिव्होल्टवर राहते. हा आकडा काही कारणाने उणे ५५ च्या आसपास आला की सोडियमची दारे धडाधड उघडतात. सोडियम आत शिरते, त्यामुळे आतली बाजू आणखी धन होते आणि आणखी दारे उघडतात. एक मिलिसेकंदही होत नाही तोवर आकडा शून्य ओलांडून अधिक ३० च्या पुढे जातो. मग ही दारे आपोआप अडकतात आणि काही काळ उघडतच नाहीत. संदेश मागे फिरत नाही तो याचमुळे. एव्हाना पोटॅशियमची सावकाश उघडणारी दारे उघडलेली असतात. पोटॅशियम बाहेर पडते आणि आकडा पुन्हा खाली येतो. आकड्याचा हा एक चढ-उतार म्हणजे एक स्पंदन.

चढाचे श्रेय सोडियमचेच, हे हॉजकिन आणि कॅट्झ या शास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूवर दाखवले. बाहेरच्या द्रावातले सोडियम कमी केले की स्पंदनाची उंची कमी होत जाते.

इथे परीक्षेत हमखास दिसणारी एक चूक सांगायलाच हवी. आकडा खाली आणायचे काम पंप करतो, असे अनेकजण लिहितात. ते काम पोटॅशियमच्या बाहेर पडण्याने होते. पंप विषाने बंद पाडला तरी स्क्विडचा तंतू बराच वेळ स्पंदने देत राहतो, कारण एका स्पंदनात आयन फारच थोडे सरकतात. त्या जाड तंतूतल्या दहा लाख पोटॅशियम आयनांमागे जेमतेम एक बाहेर जातो. साठा इतक्यात संपत नाही. पंपाचे काम सावकाश चालणाऱ्या भरपाईचे.

स्पंदन तंतूच्या टोकाशी पोहोचले की पात्र बदलते. तिथे कॅल्शियमची दारे असतात आणि बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त. दारे उघडताच ते आत घुसते, ॲसिटिलकोलीन या रसायनाने भरलेल्या पुटिका, म्हणजे बारीक पिशव्या, पटलाला मिळतात आणि ते रसायन तंतू आणि स्नायू यांच्यामधल्या फटीत सांडते. बाहेरचे कॅल्शियम काढून घेतले तर स्पंदन टोकापर्यंत येते, पण रसायन सुटत नाही.

हे नाते सरळ प्रमाणाचे नाही. बेडकाच्या स्नायूवरच्या प्रयोगांत, कॅल्शियम मुळात कमी असताना, सुटणारे रसायन त्याच्या जवळपास चौथ्या घाताने बदलते असे दिसले. म्हणजे कॅल्शियम निम्मे झाले तर रसायन सोळाव्या हिश्श्यावर. लॅम्बर्ट-ईटन या आजारात शरीराची प्रतिपिंडे याच कॅल्शियमच्या दारांवर हल्ला करतात. रुग्णाचे स्नायू दुबळे होतात, पण काही सेकंद जोर लावला की ताकद थोडी वाढते. स्पंदने लागोपाठ आली की टोकात कॅल्शियम साठत जाते आणि चौथ्या घातामुळे थोडी वाढही कामी येते. डॉक्टरांना निदानासाठी ही खूण उपयोगी पडते.

आयनांची ही गोष्ट कुठे अपुरी पडते, ते बोट्युलिनम विष दाखवते. या विषाने सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम सगळे आपापल्या वेळी नीट हलतात, तरी स्नायू लुळा राहतो. विष पुटिकेला पटलाशी जोडणारी प्रथिने कापते, त्यामुळे कॅल्शियम येऊनही पुटिका जुळत नाही. प्रथिनांचे हे यंत्र आयनांच्या यादीत दिसत नाही.

फटीपलीकडे स्नायूवर एकामागून एक हा क्रमही मोडतो. ॲसिटिलकोलीन चिकटल्यावर उघडणाऱ्या दारातून सोडियम आत आणि पोटॅशियम बाहेर, दोन्ही एकाच वेळी जातात. स्नायू मुळात खूप ऋण असल्याने सोडियमचा ओढा मोठा ठरतो, पण ही दारे आकड्याला फक्त शून्याच्या आसपास ओढतात, त्यापुढे नाही. तिथवर पोहोचण्याआधीच शेजारची, विद्युत दाबाने उघडणारी सोडियमची दारे उघडतात आणि स्नायूत त्याचे स्वतःचे स्पंदन सुरू होते.